भिंत आणि तिच्या पलीकडचं मांजर

शाखेत सगळे तिला ‘कशावरूनताई’ म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे उरलेलं. एखाद्या एजंटने येऊन सांगावं की गोदामात पाणी शिरत नाही, की हिचा प्रश्न तयार असायचा : “कशावरून?” आवाजात संशय मुळीच नसे. एखाद्या मुलीने फुलपाखराला विचारावं तसं ती विचारायची. घरी सासूबाई म्हणत, “हिला भाजीत मीठ घातलंय म्हणून सांगायची सोय नाही. पुरावा मागते.”

ती विमा कंपनीची अंडररायटर. आलेली जोखीम घ्यायची की नाही, घेतली तर कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर, हे ठरवणं तिचं काम. पण शाखेच्या अधिकाराला मर्यादा होती. विम्याची रक्कम त्यापुढे गेली, की ठरवणार मुख्य कार्यालय. हिने फक्त पाहून यायचं आणि त्यांना पाठवायची रेफरल नोट लिहायची. तिथे बसलेल्या माणसाला कारखाना दिसत नाही. त्याला दिसते ती नोट. म्हणून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता : ज्याला हात लावला नाही, ते ‘आहे’ म्हणून लिहायचं नाही.

त्या सोमवारी गाद्यांच्या कारखान्याचा प्रस्ताव आला. रक्कम शाखेच्या मर्यादेच्या दीडपट. जुन्या कंपनीने फोमचे धंदे घेणंच बंद केलं होतं आणि पॉलिसी शुक्रवारी संपत होती. मालक चाळिशीचा, बोलका. त्याच्या वडिलांचा पहिला कारखाना जळाला तेव्हा त्यांचा विमा नव्हता. तेव्हापासून घराण्याचा शिरस्ता होता : विम्याशिवाय एक दिवसही मशीन चालवायचं नाही.

“शनिवारी साठ माणसांना काय सांगू, बाई?” त्याने विचारलं.

“शनिवारचं शनिवारी. आधी कारखाना दाखवा.”

दोन लांबलचक शेड होत्या, पाठीला पाठ लावून उभ्या. एकीत फोमचे ठोकळे आणि ते कापायची यंत्रं, दुसरीत शिलाई आणि तयार गाद्या. मध्ये विटांची जाड भिंत, छपराच्याही वर गेलेली. सगळं गणित त्या भिंतीवर होतं. भिंत अखंड असेल तर आग एका शेडमध्ये थांबेल आणि एका आगीत फार तर निम्म्याहून थोडं जास्त जाईल. नसेल तर जवळजवळ सगळंच.

तिने पाण्याचे नळ उघडून पाहिले, आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा वाचल्या, मधलं लोखंडी दार स्वतः ओढून बंद केलं. भिंतीवरून हात फिरवत ती निघाली, पण फोमच्या बाजूला शेवटचे वीसेक फूट छपरापर्यंत ठोकळे रचलेले होते. पलीकडच्या बाजूने गाद्यांची थप्पी.

“इथे मागे काय?”

“भिंतच की. नकाशात बघा.”

नकाशात सरळ काळी रेघ होती. वेळ थोडा होता. मंगळवारी तिने नोट पाठवली : बांधकाम, धंदा, पाच वर्षांत एकही दावा नाही, संभाव्य नुकसान पंचावन्न टक्के, दर अमुक, शिफारस आहे. आणि एक वाक्य : ‘दोन्ही शेडमधील भिंत अखंड आहे.’ सोबत नऊ फोटो.

बुधवारी सकाळी मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता, खोकल्यावरून ओळखायची.

“नोट चांगली आहे. एक शंका. चौथ्या फोटोत फोमच्या शेडमध्ये एक पांढरं मांजर बसलंय, एक कान काळा.”

“असेल, साहेब.”

“पाचव्यात तुम्ही गाद्यांच्या बाजूने मधलं दार ओढून घेताय आणि फटीतून मांजर अजून फोमकडेच दिसतंय. सहाव्या फोटोत, तीन मिनिटांनी, तेच मांजर गाद्यांवर आहे. दार बंद. बाहेरून वळसा घालून यायला किती वेळ लागतो?”

तिने फोटो उघडले. कान काळाच होता. “आठ-दहा मिनिटं. मांजराला चार धरा.”

“भिंत अखंड आहे असं तुम्ही लिहिलंय. कशावरून?”

तिचे कान तापले. वीस वर्षांत तो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. पण लाज वाटायच्या आधी तिला वाटलं ते कुतूहलच : मग गेलं कुठून ते?

तासाभरात ती कारखान्यात होती. हा प्रस्ताव आणणारा एजंटही धावत आला. मालकाने माणसं लावून ठोकळे हलवले. मागे, जमिनीलगत, हात-दीड हात उंचीची चौकोनी खिडकी निघाली. कधीकाळी फिरत्या पट्ट्यावरून फोम पलीकडे जायचा. पट्टा गेला, भोक राहिलं. मालकाने कपाळाला हात लावला. “देवाशप्पथ, मी विसरलोच होतो!”

भोकातून मांजराने डोकं काढलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि आत घेतलं.

एजंट हळूच म्हणाला, “ताई, उद्या गवंडी लावतो. बुजवलं की तुमचं वाक्य खरंच होणार. पुन्हा लिहायची काय गरज? शुक्रवार तोंडावर आलाय.”

“मंगळवारी ते खोटं होतं ना?”

“मंगळवारी आग लागली नाही!”

“म्हणून बरं.”

मालकाने वाकून भोकात हात घालून पाहिला. मग म्हणाला, “लिहा बाई. पण लवकर लिहा.”

तिने तिथेच, शिलाईच्या टेबलावर बसून दुरुस्तीची नोट लिहिली. ‘माझे भिंतीविषयीचे वाक्य चुकीचे होते. शेवटच्या वीस फुटांना मी हात लावला नव्हता, नकाशावर विसंबले.’ भोकाची मापं. संभाव्य नुकसान आता नव्वद टक्के. भोक बंद झालं तर पुन्हा पंचावन्न. उत्तर संध्याकाळी आलं : नव्वद टक्क्यांवर आपल्या जोखमीचा वाटा उचलणाऱ्या पुनर्विमा कंपन्यांना विचारावं लागेल, त्याला आठवडा जाईल. पॉलिसी सुरू होण्याआधी भोक भिंतीइतक्याच जाडीच्या विटांनी बंद झालं, दोन्ही बाजूंनी गिलावा झाला आणि तुम्ही स्वतः पाहिलंत, तर पंचावन्न धरू. भिंतीपासून एक मीटर माल ठेवायचा नाही, ही कायमची अट. प्लायवूड चालणार नाही.

गुरुवारी गवंडी कामाला लागला. शुक्रवारी सकाळी तिने दोन्ही बाजूंनी हात लावला. गिलावा ओला होता, बोटांना लागला. “तीन दिवस पाणी मारावं लागेल,” गवंडी म्हणाला. तेही तिने लिहिलं. फोटो पाठवले आणि ती थांबली. अकरा वाजले, बारा वाजले. मालकाचा फोन दर वीस मिनिटांनी. “मान्यता आल्याशिवाय मला एका दिवसाचाही विमा देता येत नाही,” ती दरवेळी तेच सांगे.

दीडला मान्यता आली. अटींसह, तिच्याच दराने. तिने आधी पॉलिसी काढली, मग मालकाला फोन लावला. “जुनी संपेल त्या क्षणाला नवी सुरू. शनिवारी मशीन चालवा.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

मान्यतेच्या पत्राखाली साहेबांनी एक ओळ जोडली होती : ‘ही अट नाही, पण मांजर कोणत्या बाजूला राहिलं?’

तिने मालकाला विचारलं. तो बघून आला. “गाद्यांवर झोपलंय.”

“आणि गवंडी काम करत होता तेव्हा?”

“तेव्हा... फोमच्या बाजूला होतं वाटतं.”

“मग पलीकडे आलं कसं?”

“बाई, दुपारी दार उघडं असतं!”

“कशावरून?” असं म्हणेपर्यंत तिचा एक पाय चपलेत गेलाही होता.