मी पुसलेला माणूस

लग्नाच्या व्हिडिओतून माणसं पुसण्यात माझा हात धरणारं अख्ख्या मुकुंदवाडीत कुणी नाही, असं मी स्वतःच सांगत असे. दुसऱ्यानं कौतुक करायची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. शूटिंग धाकटा भाऊ करायचा आणि एडिटिंग मी, घराच्या वरच्या खोलीत. वरमाला घालताना मागे नाक शिंकरणारा आचारी, ऐन सप्तपदीत फ्रेममध्ये घुसलेली प्लास्टिकची खुर्ची, सोडचिठ्ठी झालेला जुना जावई, जे नको असेल ते मी काढून द्यायची. लोक पेनड्राइव्ह लावून बघायचे आणि म्हणायचे, इथं कुणी होतं हे आम्हालाच आठवत नाही. मला याहून गोड काही ऐकायचं नसे.

त्या हंगामात एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूटिंग पैठणला, जायकवाडीच्या बॅकवॉटरला झालं. सकाळचं कोवळं ऊन, पाण्यावर धुकं, मुलीचा हवेत उडणारा लांबलचक दुपट्टा. भावानं जीव ओतला होता. नवरदेवानं कच्चे शॉट बघितले आणि त्याचा एकच निरोप आला, "मागं तो माणूस हिंडतोय, तेवढा काढा. पनवती वाटतो."

पनवती हा शब्द मला तेव्हा खटकला नाही. आज खटकतो.

माणूस काढणं म्हणजे पाटीवरून अक्षर पुसणं नव्हे. आधी त्याच्याभोवती कडेकडेनं रेघ ओढायची, त्याला आम्ही मास्क म्हणतो. मग तो मास्क त्याच्यासोबत चालला पाहिजे. ते काम ट्रॅकर करतो, पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे सरकला ते शोधतो आणि मास्क तिथे नेतो. या माणसाचा शर्ट पांढरा आणि मागे पाणी चकाकणारं, त्यामुळे दर थोड्या वेळानं ट्रॅकर भरकटायचा आणि मला मास्कचे बिंदू हातानं ओढून जागेवर आणावे लागायचे. माणूस कापला की तिथे भोक पडतं. ते बुजवायला त्याच शॉटमधला, तो तिथे पोचण्याआधीचा तुकडा घ्यायचा. पाणी हलतं हवं, म्हणून फोटो चिकटवून चालत नाही. कॅमेरा हलतो तसा तो तुकडाही हलला पाहिजे, नाहीतर पाण्यावर ठिगळ दिसतं. त्यात दुपट्टा त्याच्यावरून उडत होता, म्हणून दुपट्ट्याचा मास्क वेगळा. शिवाय त्याची सावली, आणि पाण्यातलं प्रतिबिंब. नवशिके प्रतिबिंब विसरतात. मी विसरत नाही.

दुसऱ्या एका शॉटमध्ये तो पाण्याकडे तोंड करून नुसता उभा होता. उभा माणूस चालत्यापेक्षा त्रास देतो, कारण तो हलतच नाही, म्हणजे त्याच्यामागचं पाणी पूर्ण शॉटभर एकदाही दिसत नाही. शेजारचं पाणी उसनं घेऊन मी त्याच्यावर पसरलं. मध्येच एका फ्रेममध्ये त्यानं मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. मला त्याचा राग आला. चेहरा वळला की कड बदलते, काम वाढतं. दोन दिवस मी त्या माणसाच्या कडेनं फिरत होते आणि पूर्ण वेळ त्याच्यावर चिडलेली होते.

फिल्म गेली. नवरदेवाचा "ओके" आला. "ओके" आला की मूळ फुटेज उडवायचं, ही आमची रीत. लग्नसराईत हार्ड डिस्क कितीही आणल्या तरी पुरत नाहीत, आणि कार्डं तर भाऊ दुसऱ्याच दिवशी कोरी करून पुढच्या मांडवात नेतो. प्रोजेक्टची फाइल तेवढी ठेवते. तिच्यात चित्रं नसतात, मी काय काय केलं याची फक्त नोंद असते, आणि तिला जागा लागत नाही.

तीनेक आठवड्यांनी सकाळी एक बाई जिना चढून आली. पस्तिशीची असेल. देवगाव रंगारीहून दोन बस बदलून आली होती. हातात मोबाइल, त्यावर एका माणसाचा फोटो. तिनं फोटो पुढे केला. पैठणच्या पाण्यावरून मी पुसलेला तोच माणूस.

"आमचे मालक हायेत," ती म्हणाली. "कामाचं बघाया पैठणला जातो म्हणले, ते आलेच नाय. फोन बंद. धरणापाशी एक चहावाला हाय, तो म्हणला, त्या दिवशी तिथं लग्नाची शूटिंग चालली व्हती. गाडीवर तुमचं नाव व्हतं."

मी बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"कुणी म्हणतं बस धरून पुण्याला गेले. कुणी दुसरंच म्हणतं. ताई, मला काय बी नको. ते रस्त्याकडं गेले का पाण्याकडं, तेवढं दावा. पाण्याकडं गेल्याचं काय तरी दिसलं तर पोलीस पाण्यात माणसं उतरवतील. नाय तर म्हणत्यात, बाप्या माणूस हाय, येईल परत."

चालताना त्यांचा डावा खांदा थोडा खाली असतो का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली. "व्हय. तुमी वळखता त्यांना?"

ओळखत होते. त्यांचे कान, कोपराचा कोन, पाऊल टाकायच्या आधी किंचित थांबणं. नाव तेवढं माहीत नव्हतं. आणि फुटेज उडवलं आहे, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. तिला पटलं नाही. मोबाइलमधून गेलेलं परत येतं म्हणत्यात, ती म्हणाली. मी समोरच भावाला फोन लावला. त्या कार्डांवर आणि डिस्कवर त्यानंतर किती लग्नं चढली ते त्यानं सांगितलं, आणि मी फोन ठेवला.

मग मला प्रोजेक्टची फाइल आठवली. उघडली. चित्रं नसल्यामुळे पडद्यावर नुसते रंगीत पट्टे आले, पण मास्क जिथल्या तिथे होते. पहिल्या शॉटमधला मास्क मी कॉपी केला आणि एका कोऱ्या पांढऱ्या थरावर लावला. काळ्या पडद्यावर एक पांढरा माणूस उमटला आणि चालायला लागला. तोंड नाही, कपडे नाहीत, नुसती कड. डावा खांदा खाली.

तिनं तोंडाला पदर लावला. "हेच," ती म्हणाली. "असंच चालत्यात."

शॉटमधला रस्ता कुठे, दगड कुठे, ते मला पाठ होतं; तो रस्ता सोडून दगडांच्या दिशेनं जात होता. पण काठाकाठानं पुन्हा रस्त्याला लागता येतं, एवढ्यावरून काहीच ठरत नव्हतं. तिला हायसं वाटलं, ते मला दिसलं. दुसऱ्या शॉटमध्ये तो उभा. त्यातूनही काही कळेना.

मी फाइल बंद करणार होते. तिनं पडद्यावरच्या यादीवर बोट ठेवलं. वाचता येत होतं तिला. "माणूस एक, माणूस दोन," ती म्हणाली. "अन् हे कचरा काय हाय?"

जे जे काढते त्याचा फाइलमध्ये एकेक थर असतो, आणि थरांना नावं मीच देते. कॅमेऱ्यानं दिलेला क्लिपचा नंबर, आणि पुढे काय काढलं ते. 'कचरा'आधीचा नंबर दोन्ही माणसांपेक्षा मोठा होता. म्हणजे तो शॉट त्या दोन्हींनंतर घेतलेला.

आम्ही एडिटिंगवाले गाण्याच्या क्रमानं काम करतो. दिवस कसा गेला याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. भावानं सगळ्यात शेवटी घेतलेला शॉट गाण्याच्या पहिल्या ओळीवर बसला होता, म्हणून मी सगळ्यात आधी तो साफ केला. तेव्हा तो माणूस मी पाहिलेलाही नव्हता. काठावरच्या एका दगडावर कुणीतरी काहीतरी टाकून गेलंय म्हणून वैतागले, सैल गोल मास्क मारला, शेजारच्या दगडाचा तुकडा वर चिकटवला आणि पुढे गेले. दहा मिनिटांचं काम. नंतर माणूस आला तेव्हा दोन्हींचा संबंध मी लावलासुद्धा नाही.

आता लागला. खोटं बोलावं असं वाटलं, अगदी खरं सांगते. कचरा म्हणजे कचरा, वेफर्सचं पाकीट, असं म्हटलं असतं तर ती पुण्याच्या आशेवर घरी गेली असती.

"चपला होत्या," मी म्हणाले. "आणि घडी घातलेला पांढरा शर्ट."

"अन् हे?"

"ते नव्हते. त्या शॉटमध्ये कुणीच नव्हतं."

मग तिनं विचारलं, "चपलांची तोंडं कुणीकडं व्हती?"

हे सांगायलाही जगात मीच एक होते. "पाण्याकडं," मी म्हणाले.

त्याच दिवशी मी तिच्यासोबत चौकीत गेले. हवालदार वयस्कर होते, नीट ऐकून घेतलं. फिल्म लावा म्हणाले. मी लॅपटॉपवर गाणं लावलं. पहिल्याच ओळीवर तो दगड आला, ओला, शेवाळलेला, मोकळा. त्यांनी दोनदा मागे घेऊन बघितलं, चष्मा काढून, वाकून. ठिगळ शोधत होते. मीही शोधत होते, आणि पहिल्यांदाच ते सापडावं असं मला वाटत होतं.

"इथं तर काहीच नाही, मॅडम."

"पुसता येतं तर परत लावता नाय येत का?" बाई मला म्हणाली. "चपला मी आणून देते. तशाच हायेत, एकाच वेळी दोन जोड घेतलेले."

लावता आल्या असत्या. तासाभराचं काम होतं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि का ते तिला समजावता येईना. हवालदारांनी समजावलं, मागून लावलेलं पुरावा म्हणून चालत नाही. मूळ शूटिंग असतं तर साहेबांपुढे ठेवलं असतं, म्हणाले, बोटवाले बोलावता आले असते. नुसत्या आठवणीवर, आणि तेही इतक्या आठवड्यांनी, अवघड आहे. तरी तुमचा जबाब घेतो.

त्यांनी सावकाश लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. सदर ठिकाणी दगडावर पुरुषाच्या चपला व शर्ट असल्याचे मी पाहिले. कचरा समजून सदर वस्तू मी चित्रातून स्वतः काढून टाकल्या. मूळ चित्रण मी स्वतः नष्ट केले. ते आता उपलब्ध नाही.

"बरोबर आहे?"

बाई माझ्याकडे बघत होती. मी बरोबर आहे म्हणाले आणि सही केली.