हजेरीपटावरचे बारा कोरे रकाने

"मावशी, उद्यापासून नका येऊ. बोलावणं आलं की मीच निरोप धाडतो."

साबणाच्या कारखान्याच्या गेटवर हजेरी हे बोलला आणि स्वतःवरच खूश झाला. त्याला नावाने हाक मारणारं कारखान्यात कोणी उरलं नव्हतं. सत्तर माणसांची हजेरी मांडता मांडता तो कारकून स्वतःच हजेरी होऊन बसला होता. त्या वाक्याने आपण एका बाईची एकोणीस वर्षं पाण्यात ढकलली, हे त्याला कळायला दोन आठवडे लागले.

झालं होतं असं. साबणाला लागणारं तेल येईना. कढया गार पडल्या आणि मॅनेजरने फळ्यावर ले-ऑफची नोटीस लावली. माल नाही म्हणून काम नाही, पण नोकरी शाबूत. नाव हजेरीपटावर कायम आणि दिवसाचा अर्धा पगार. त्यासाठी सकाळी आठला गेटवर हजर राहायचं, सही करायची आणि दोन तास वाट पाहायची. तेवढ्यात काम मिळालं नाही तर घरी. असं रोज, न चुकता. जो आलाच नाही त्याचा त्या दिवसाचा अर्धा पगारही बुडाला.

पॅकिंगच्या अकरा बाया रोज येत, बाकावर बसत आणि दहा वाजता उठत. मावशी त्यांच्यात सगळ्यात जुनी. वडी कागदात गुंडाळून तिची टोकं अंगठ्याने दाबायची, हेच तिने एकोणीस वर्षं केलं होतं. अंगठा एका बाजूला चपटा झाला होता. पण कुरकुर गुडघ्यांची. बसमधून उतरून गेटपर्यंत येताना ती तीनदा थांबायची. पाच दिवस तिने सही केली. पाचव्या दिवशी हजेरीला दया आली. त्याला वाटलं, ले-ऑफ सगळ्यांनाच आहे, एका म्हाताऱ्या बाईच्या सहीने काय अडतंय?

ती नाही आली. बारा दिवस नाही आली.

मग तेल आलं, आणि तेलाच्या टँकरमागून एक यंत्रही आलं. ते मिनिटाला ऐंशी वड्या गुंडाळायचं. मॅनेजरने हजेरीला केबिनमध्ये बोलावलं.

"पॅकिंग बंद. सगळ्याच बाया जाणार, त्यामुळे कोण आधी कोण नंतर हा घोळच नाही. दहा जणींची कपात. एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, नाहीतर नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. आपण पगारच देऊ. शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा. पत्रात कारण लिही, एक प्रत सरकारी कामगार कार्यालयात."

"अकरा आहेत, साहेब."

"म्हातारी बारा दिवस गैरहजर आहे. तिचं नाव खोडायचं. नोटीस नाही, भरपाई नाही. ती स्वतःहून गेली."

हजेरीने मनातल्या मनात हिशेब केला. एकोणीस गुणिले पंधरा, दोनशे पंच्याऐंशी दिवस. त्याला म्हणायचं होतं, साहेब, मीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "पत्राला मार्जिन किती ठेवू?"

मावशीचं नाव कमी केल्याचं पत्रही त्यानेच टाइप केलं. एकही चूक झाली नाही. सगळी बोटं जागच्या जागी पडली, जणू दुसऱ्याच कोणाची होती.

दोन दिवसांनी मावशी पत्र घेऊन खिडकीपाशी आली.

"वाच रे. चष्मा घरी राहिला."

त्याने वाचलं. स्वतःची वाक्यं स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच तेवढं वाटलं.

"म्हणजे मला कामावरून काढलं?"

"हो."

"पण तूच म्हणालास ना, येऊ नका?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाली आणि पत्राची घडी अंगठ्याने दाबत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ओरडायचं काम युनियनच्या नानांनी केलं. ते मावशीला घेऊन कामगार कार्यालयात गेले, तिथून तारीख पडली आणि हजेरीपट घेऊन हजेरीला मॅनेजरबरोबर जावं लागलं. जिन्यात मॅनेजर म्हणाला, "तुझं तोंडी बोलणं कागदावर कुठेच नाही. विचारल्याशिवाय बोलू नकोस."

अधिकारी बाईंच्या टेबलावर फायलींचा इतका ढीग होता की त्या दिसण्यासाठी मान तिरकी करावी लागे.

"आम्ही काढलंच नाही, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "गैरहजर राहिली म्हणून नाव कमी केलं."

"गैरहजेरी हा गैरवर्तनाचा आरोप आहे. आरोपपत्र दिलंत?"

"नाही."

"चौकशी केलीत? तिचं म्हणणं ऐकलंत?"

"ती येतच नव्हती."

"रजिस्टर पत्राने बोलावता येतं. हे पत्र कसं पोहोचलं बरोबर?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "गुन्हा सिद्ध करून बडतर्फ केलंत तर कपातीची भरपाई लागत नाही, मान्य. पण सिद्ध करावा लागतो. चौकशी न करता नाव खोडलंत तर कायदा त्याला कपातच म्हणतो. आणि नोटीस, भरपाई न देता केलेली कपात टिकत नाही. कोर्टाने परत घ्यायला लावलं तर मधला पगारही द्याल."

"आता बघा, स्वतःहून गेली म्हणे," नाना म्हणाले. "बाई बसथांब्यापर्यंत जाताना तीनदा टेकते, ती स्वतःहून कुठे जाते!"

"नाना, तुम्ही थांबा. मी निकाल देत नाही, समेट घडवते. नाही झाला तर अहवाल वर जाईल." बाईंनी मान आणखी तिरकी केली. "हजेरीपट कोण ठेवतं? या बारा रकान्यांचं कारण काय?"

हजेरी उभा राहिला. बसूनही सांगता आलं असतं.

"मी सांगितलं होतं त्यांना, येऊ नका म्हणून."

"कंपनीच्या वतीने?"

"गेटवर मीच असतो, मॅडम. तिथे कंपनी म्हणजे मीच."

नाना हसले. मॅनेजर हसला नाही. त्याने खिडकीकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि तासाभरात कपातीच्या यादीत मावशीचं नाव अकरावं झालं. महिन्याचा पगार, दोनशे पंच्याऐंशी दिवसांची भरपाई, ग्रॅच्युइटी वेगळी, आणि पुढे पॅकिंगला माणूस घेतला तर आधी तिला विचारायचं. ते यंत्र असताना कोण कोणाला विचारणार होतं, पण कागदावर आलं.

"आणि ते बारा दिवस?" नानांनी विचारलं. "ले-ऑफचा अर्धा पगार?"

"हजर नव्हत्या, तर मागता येत नाही," बाई म्हणाल्या. "कंपनी स्वखुशीने देईल का?"

कंपनीची खुशी एव्हाना संपली होती.

बाहेर व्हरांड्यात हजेरी म्हणाला, "मावशी, ते बारा अर्धे, म्हणजे सहा दिवसांचे पैसे माझ्याकडे लागले. पगार झाला की देतो."

"नाना म्हणत होते, तुझं काही खरं नाही आता."

"देतो म्हटलं ना."

"दे की. मी कुठे नको म्हणतेय?"

सोमवारी त्याला आरोपपत्र मिळालं: अधिकार नसताना कामगारास सूचना देणे, कंपनीचे नुकसान करणे. उत्तराला सात दिवस, चौकशीची तारीख, आणि तोवर निलंबन. मॅनेजर कामगार कार्यालयातून चांगलंच शिकून आला होता, एकही पायरी चुकली नव्हती. हजेरीने पत्र दोनदा वाचलं. मार्जिन बरोबर होतं. निलंबनात निर्वाहभत्ता मिळतो, तो अर्ध्या पगाराइतका. रोज गेटवर सही मात्र करायची नव्हती.

तो घरी बसला. आठ वाजले की हात आपोआप शर्टाच्या खिशातलं पेन चाचपायचा. पहिला भत्ता आला तो घरभाड्याला आणि वाण्याला गेला. दुसरा आला तेव्हा बसथांब्यावर मावशी भेटली, दोन्ही हातांत पिशव्या. त्याने एक पिशवी घेतली.

"चौकशीचं काय रे?"

"चालू आहे. पुढची तारीख एकवीसला."

"नाना आहेत ना बरोबर?"

"आहेत. मावशी, ते तुमचे—"

"आधी पिशवी नीट धर, अंडी आहेत," ती म्हणाली. बस आली. त्याने पिशवी आत दिली आणि पैसे पुढच्या महिन्यावर गेले.