अण्णांचा आरसा

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, वकील. खासबागेतल्या घरात त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. बहुतेक निकाल चुकीचेच असायचे, पण सांगणार कोण?

धाकटी भावजय क्षयानं गेली. थोड्याच दिवसांत तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, खोकू लागला. आईनं तिरडीमागं राळे टाकले होते, मेलेली परत यायला लागली तर दाणे वेचत बसावी म्हणून. उंबऱ्यात खिळेही ठोकले होते. आता तिला एकच काळजी होती, नातीची. आईवेगळी पोर बापाच्या कुशीत झोपायची.

"मेलेलं आदी आपल्याच घरात येतंय रं," आई अण्णांना म्हणाली. "नवऱ्याला धरलंय, आता लेकराला धरंल. पोरीला उचगावला मामाकडं धाड."

अण्णा फिदीफिदी हसले. कॅम्पातल्या थेटरात त्यांनी रक्तपिपाशाचा इंग्रजी सिनेमा बघितला होता, कादंबरीही वाचली होती. झालं, पंडितच की! म्हणाले, "अगं, रक्त पिणारा असतो उमराव. गढीत राहतो, सुळे असतात, उन्हात मरतो, आरशात दिसत न्हाय." आणि खरंच दाढीचा आरसा आणून आजारी भावाच्या तोंडापुढं धरला. "दिसतोय का न्हाय? मग? पोर कुठंही जाणार न्हाय!" असला शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्याच कपाटात पूर्व युरोपातल्या खेड्यांवरचं एक पुस्तक होतं, जोडलेली पानंसुद्धा न कापलेलं, म्हणजे कधी न वाचलेलं. ते मी वाचलं. तिथला मूळ रक्तपिपासू कसला उमराव? साधा शेतकरी, कफनातला. घरात एक मेला आणि मागोमाग घरचेच झिजू लागले, की लोक पहिल्याचं थडगं उकरायचे. प्रेत फुगलेलं, लालबुंद, ओठांवर रक्त. हा रक्त पिऊन माजलाय, असं म्हणून छातीत खुंटी ठोकायचे. कुजताना प्रेत फुगतं आणि तोंडातून रक्ताळ पाणी येतं, हे त्यांना कुठं ठाऊक? वाटेवर दाणे तेही टाकायचे. आरसा कादंबरीवाल्याची करामत, उन्हात मरणं सिनेमावाल्यांची. त्या अडाण्यांनी गुन्हेगार चुकीचा धरला, पण आजार घरातल्या घरात पसरतो हे नेमकं हेरलं होतं.

मी हे अण्णांना सांगितलं. "मास्तरीण झालीस म्हणून मला शिकवतीस व्हय गं?" एवढंच ते म्हणाले.

पावसाळ्यात पोर खोकू लागली. एके सकाळी तिच्या उशीवर रक्त दिसलं. आईनं हंबरडा फोडला. त्याच दुपारी अण्णांनी आपली दोन्ही पोरं टांग्यात घातली आणि गुंजीला सासुरवाडीला नेऊन सोडली.

"हवापालट," मला म्हणाले.

दिवाळीआधी पोर गेली. तिच्यामागं राळे टाकायला आई उठलीच नाही. अण्णांनी मात्र दुसऱ्या दिवशी तोच आरसा पुसला आणि त्यात बघून दाढी केली.