संत्री न आवडणाऱ्या मुलीला विचारलेला प्रश्न

उसन्या शब्दांवर माझ्या धाकट्या दिराइतका सुखात जगलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माणूस लाखातला, मन निर्मळ, पण तोंडातून स्वतःचं वाक्य काढायची वेळ आली की भाऊजी घामाघूम होत. मग त्यांनी त्यावर तोड काढली. जगातल्या प्रत्येक प्रसंगासाठी एकेक मजकूर कुठून तरी उचलून मोबाइलात भरून ठेवला. बारशाचा वेगळा, वास्तुपूजनाचा वेगळा, दहावी पासचा वेगळा, नापासचा त्याहून हृदयस्पर्शी. प्रसंग आला की बोट दाबायचं आणि मोकळं व्हायचं. आता इतका साठा झाल्यावर बोट कधी तरी चुकणारच. आमच्या शेजारचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा भाऊजींनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो." पहिला फोन खुद्द आत्म्याचाच आला. "काऊन रे, मी अजून पेन्शनचे कागद जमवून राह्यलो, अन् तू मले पोचवून आला?" मास्तरांच्या बायकोनं तर आठवडाभर मला पाहिलं की पदर तोंडाला लावून हसायचं व्रतच घेतलं होतं. माझ्या नणंदेच्या लग्नात आभार मानायला माइक हातात दिला, तर भर मे महिन्यात, जेव्हा वर्ध्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा हे महाराज म्हणाले, "मुसळधार पावसाची तमा न बाळगता आपण उपस्थित राहिलात." मांडव गदगदा हसला. भाऊजींना वाटलं, भाषण रंगलं.

या सगळ्यात आम्ही वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेची मंडळी हसून गार व्हायचो, पण भाऊजींनी लग्न जुळवायच्या ॲपवर नाव घातलं आणि हसू जरा घशात अडकायला लागलं. वय पुढं सरकत होतं. सासूबाई रोज देवापुढं तोच एक विषय काढत. आणि भाऊजी मनापासून शोधत होते हो! रोज दुकानातून आले की चहाचा कप बाजूला, मान खाली, आणि ॲपवर पसंती पाठवणं सुरू. पसंतीसोबत चार ओळी लिहायची सोय असते. त्या चार ओळी भाऊजींनी अर्थातच कुठून तरी उचललेल्या: "नमस्कार, आपली प्रोफाइल पाहिली आणि मन प्रसन्न झालं. आपल्या डोळ्यांत मला अथांग समुद्र दिसतो." आमच्या जिल्ह्याला समुद्र कुठला? धाम नदीचं पाणी पाहून जन्म गेलेला माणूस हा. पण हाच समुद्र त्यांनी सरसकट सगळ्यांना वाटला. एकीला पाठवताना तर मुळातली मोकळी जागाही तशीच राहिली, "नमस्कार (इथे नाव लिहा) जी" असा मजकूर रवाना झाला. त्या मुलीनं उलट लिहिलं, "इथे उत्तर समजा." आलेलं तेवढंच एक उत्तर. भाऊजींनी ते मला आनंदानं दाखवलं.

कहर झाला पुलगावच्या एका लग्नात. पुलगाव माझं माहेर. जेवणं चालू असताना नात्यातल्या दोन मावसबहिणी हातात मोबाइल घेऊन माझ्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या. "ताई, हे तुमचे दीर ना? यांना आम्हा दोघींच्याही डोळ्यांत समुद्र दिसून राह्यला. अन् हिच्या फोटोत तर काळा गॉगल आहे!" मी मठ्ठ्याचा घोट घेत होते, तो नाकातून आला. आमच्याकडं समाज म्हणजे एकाच परातीतलं पीठ. एकीला लिहिलेलं दुसरीपर्यंत पोचायला एक पंगत पुरते, हे भाऊजींना कोण सांगणार? मीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच.

भाऊजी ओशाळले नाहीत, उलट चिडले. "वहिनी, ॲपच खराब आहे. इतक्या जणींले लिहिलं, कोणीच उत्तर देऊन नाई राह्यलं."

"अहो, त्या ॲपवर पोरींले काय दिसते, ठाऊक आहे का तुमाले? माझ्या भाचीनं दाखवलं मले. एकाखाली एक नावं, अन् प्रत्येकाची फक्त पहिली ओळ. सगळ्या ओळी 'नमस्कार, आपली प्रोफाइल पाहिली' पासून सुरू. मग ती उघडतेच कशाले? न वाचता पुसून टाकते. तुमचा समुद्र दिसायच्या आधीच आटला."

त्यांनी मान खाली घातली. रविवार होता, सकाळ, मी अंगणात पालक निवडत होते. ते माझ्यासमोर पाटावर बसून देठं मोडायला लागले. मला दया आली. म्हटलं, दाखवा पाहू आज कोणाला पाठवणार. त्यांनी फोटो दाखवला. साध्या चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी मुलगी. "हिनं काय लिहिलं?" मी विचारलं. "लिहिलं म्हणजे?" म्हणाले. हे राम! फोटोखाली माणसं स्वतःबद्दल काही लिहितात, हे या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. मी सक्तीनं वाचायला लावलं. तळेगाव श्यामजी पंतची, वर्ध्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करते. "घरी संत्र्याचा बगीचा. मला संत्री अजिबात आवडत नाहीत. हे ज्यांना चालेल त्यांनीच पुढे यावं."

आणि काय सांगू, भाऊजी खदखदून हसले. तळेगाव-आष्टीकडं संत्रं म्हणजे घरचं दैवत, तिथली पोर म्हणते संत्री नकोत! हसता हसता म्हणाले, "मायबापाले कसं सांगितलं असन हिनं? आं? म्हणजे पहिल्यांदा?"

"हेच लिहा," मी म्हटलं.

"हे? हे काय लिहिणं झालं?"

"दुकानात गिऱ्हाईक आलं की काय म्हणता तुमी?" भाऊजी कृषी केंद्रात काम करतात. "शेतकरी म्हणते, झाड पिवळं पडलं. मग?"

"पहिले विचारतो, जुनी पानं पिवळी का नवी शेंड्याची. त्याशिवाय औषध देता येत नाई."

"म्हणजे उत्तर ठाऊक नसते म्हणून विचारता. मग हे तरी ठाऊक आहे का तुमाले, हिनं बापाले कसं सांगितलं?"

"नाई."

"मग झालं तर."

झालं कुठलं! पहिला खर्डा निघाला तो असा, "नमस्कार, आपलं हास्य पाहून," पुढं प्रश्न, त्यापुढं पगार, उंची, गुलाबाचं फूल, हात जोडलेले. मी पालकाची जुडी उगारली. नमस्कार गेला, हास्य गेलं, गुलाब नाइलाजानं गेला. मग त्यांनी आणखी प्रश्न जोडले, सफरचंद आवडतं का, मोसंबी चालते का. मी म्हटलं, ही मुलगी आहे का फळबाजार? एकच ठेवा. आणि हो किंवा नाही म्हणून सुटता येईल असा नको. राहिला तो एकच प्रश्न, उघडा पडलेला. मग मला न विचारता त्यांनी खाली काहीतरी लिहिलं आणि मोबाइल माझ्याकडं केला.

"संत्री आवडत नाहीत हे तुम्ही घरी पहिल्यांदा कसं सांगितलं? मला वांग्याची भाजी आवडत नाही आणि हे मी आईला अजून सांगू शकलो नाही. म्हणून खरंच विचारतो."

वांग्याची भाजी? सासूबाई दर आठवड्याला करतात, "माह्या बारक्याले लय आवडते" म्हणत त्यांच्या ताटात दोनदा वाढतात! लहानपणी एकदा आईचं मन राखायला "मस्त झाली" म्हणाले, आणि तेव्हापासून हा माणूस गपचूप गिळतो आहे. मला हसूही फुटलं आणि त्यांची ती भरलेली ताटंही आठवली.

पण पाठवायचं बटण काही दाबलं जाईना. अंगठा वर, अंगठा खाली. शेवटी म्हणाले, "वहिनी, आजवर उत्तर नाई आलं तर ते त्या मजकुराले नाई आलं. आता नाई आलं तर मले नाई आलं असं होईन ना?"

मी पालक निवडत राहिले. तेवढ्यात मोबाइलातून सुर्रकन आवाज आला. भाऊजी डोळे मिटून बसले होते.

पुढचे दोन दिवस घरात नुसता गोंधळ. भाऊजी ताटावर बसत नि उठत. "वहिनी, 'हॅलो' पाठवू का?" "नाही." "नुसतं प्रश्नचिन्ह?" "हात लावला तर मोबाइल हौदात." तिला काम असतं, वेळ लागतो, विचारलं की थांबायचं असतं, हे मी जपासारखं म्हणत होते आणि मनातून मीच तळमळत होते. उत्तर आलं ते भर दुपारी दुकानात, शेतकऱ्यांच्या गर्दीत. भाऊजींनी मला फोन लावला आणि ओरडले, "आलं! मले आलं!" मागून कोणी तरी म्हणत होतं, "भाऊ, माह्या कपाशीचं काय?"

तिनं लिहिलं होतं की सांगितलंच नाही मुळी, पकडली गेली. वाटणीची संत्री ती रोज बकरीला चारायची, आणि एक दिवस बकरीच्या तोंडाला संत्र्याचा वास आला. बाबा आधी बकरीवर चिडले. "तुमच्याकडं बकरी नाही का?" असं शेवटी विचारलं होतं. त्याला उत्तर द्यायला भाऊजींना कोणताच मजकूर शोधावा लागला नाही. बकरी नाही, मांजर आहे, पण तिलाही वांगं आवडत नाही, असं लिहून मोकळे झाले. मग ती विचारायची, हे सांगायचे, हे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचे. दवाखान्यात एखाद्या आजोबांना पहिलं पाऊल टाकायला लावताना ती काय म्हणते, हे त्यांनी विचारलं, आणि तिचं उत्तर आलं तेव्हा स्वयंपाकघरात येऊन मला करून दाखवलं.

भेटायच्या आधी तिनं एकच अट घातली, वांग्याचं आईला सांगायचं. भाऊजींनी सांगितलं, जेवताना, सगळ्यांसमोर, कान लाल करून. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "मले ठाऊक होतं रे," त्या म्हणाल्या. "पाण्यासंग गिळतो तू. म्या म्हटलं, कधी तोंड उघडतो पाहू." आणि डोळे पुसत हसायला लागल्या. आम्ही सगळेच हसलो, भाऊजी सगळ्यात जास्त.

लग्न झालं. जावेच्या दवाखान्याजवळ खोली घेऊन दोघं वर्ध्यात राहतात, लांब नाही, पण अंगण सुनं वाटतं. त्यांचे ते सगळे साठवलेले मजकूर गेले. आता भाऊजी प्रश्न विचारतात, ज्याला त्याला, आणि उत्तर ऐकायला थांबतात, हे आणखी नवल. परवा दुपारी मी पोळ्या करत होते, तर त्यांचा मेसेज आला: "वहिनी, पुलगाव सोडून इथं आल्या तेव्हा तिथलं सगळ्यात जास्त काय आठवत होतं तुमाले? खरंच विचारतो."

या घरात येऊन माझे केस पांढरे व्हायला लागले, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानंही नाही, मीही स्वतःला नाही. काही नाही असं लिहिलं आणि पुसलं. मग गॅस बंद करून ओट्याला टेकले आणि लिहायला लागले, मिलचा भोंगा, बाबा कामावरून यायची वेळ, सायकलीला लटकलेली पिशवी, तिच्यात काय आणलं म्हणून धावणारी मी. डोळ्यांना धार लागली होती आणि ओठांवर हसू होतं. त्या दिवशी घरात जेवायला फार उशीर झाला.