जत्रेच्या दिवसाची अकरा बिलं

जयरामचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. किन्हवलीहून मोटारसायकलने मुरबाडच्या कारखान्यात, आणि साडेसहाच्या पाळीआधी एक फेरी पूर्ण. एकोणीसशे नव्वदला तो तिथे फिटर म्हणून लागला. रात्रीच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला. दोन हजार चार साली तो कारखान्याचा व्यवस्थापक झाला, तरी फेरी सोडली नाही. कुठल्या मशीनचा आवाज बिघडलाय हे त्याला कागदावरून कळत नसे.

त्याच वर्षी मुंबईच्या कचेरीने नऊ वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी योजना आणली. तीन वर्षांचा मिळून नफा नव्वद कोटींवर गेला तर ठरलेली पूर्ण रक्कम, पंच्याऐंशी ते नव्वदमध्ये राहिला तर निम्मी, त्याखाली काही नाही. जयरामची पूर्ण रक्कम होती सहा लाख. त्यातले तीन लगेच मिळायचे, उरलेले तीन आणखी दोन वर्षं राखून ठेवायचे. शेवटच्या पानावर क्लॉबॅकचा नियम होता: हिशेब मागाहून चुकीचा निघाला तर रक्कम नव्याने मोजायची आणि जास्तीची परत घ्यायची, चूक ज्याच्या हातून झाली, त्याची सगळीच घेता येईल. जयरामने सगळी पानं वाचून सही केली. बाकीच्यांनी नुसती सही केली.

नफा भरला नव्वद कोटी बारा लाख. दोन हजार सातच्या जुलैत कर कापून त्याच्या हातात दोन लाख सात हजार आले. ते त्याने बँकेत ठेवले. घरामागच्या शेतात विहीर खणायची होती. दुसरा हप्ता येईपर्यंत कुदळ लावायची नाही, असं त्याने बायकोला, देवकीला सांगितलं. अर्धी विहीर काय कामाची.

पुढच्या फेब्रुवारीत नवा हिशेब तपासनीस आला. माल फाटकाबाहेर गेला की विक्री धरायची, असा नियम. एका ट्रकचं बिल आणि फाटकाच्या वहीतली नोंद आदल्या वर्षीच्या एकतीस मार्चची होती, वाहतूकदाराची पावती मात्र तीन एप्रिलची. मनुष्यबळ विभागाच्या नम्रता मॅडम, ज्यांचं नाव त्याच योजनेत होतं, जयरामच्या खोलीत आल्या.

"एकच ट्रक आहे," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरने तारीख चुकीची टाकली, एवढं लिहून द्या."

"ड्रायव्हर नव्हताच," जयराम म्हणाला. "जत्रेला गेलेला."

चैत्रात गावदेवीची जत्रा असली की हमाल आणि ड्रायव्हर दोन-तीन दिवस येत नसत. म्हणून आधीच माल भरून, बिलं फाडून, वहीत ट्रक बाहेर दाखवून ठेवायचे. मुकादम चांगोने ही पद्धत बसवली होती, आणि जयराम दरवर्षी सही करी. एरवी जत्रा एप्रिलच्या मध्याला पडे, काही बिघडत नसे. त्या वर्षी ती मार्चअखेरीला लागून आली. ट्रक आवारातच उभे राहिले, विक्री मात्र मार्चची धरली गेली. हिशेबाचं वर्ष पालटतंय हे ना चांगोच्या ध्यानात आलं ना जयरामच्या.

त्याने चांगोला बोलावलं. "किती गाड्या होत्या रे?"

"अकरा. मीच ताडपत्र्या बांधल्या ना. का वो सायब, कायतरी गेलं का चोरीला?"

"नाय."

"मंग माल तर पोचला."

"पोचला. तीन दिवस उशिरा."

"आमच्या देवीचा काय दोष नाय बरं. तिनं तर कवाच तारीख बदलली नाय."

अकरा ट्रकांतला नफा एकतीस लाख होता. तो काढला की नव्वद कोटींचा आकडा खाली येत होता. नम्रता मॅडमनी शांतपणे विचारलं, "एका ट्रकवर भागत असताना अकरा कशाला? आठ जणांचे निम्मे जातील. तुमचे सगळे."

"वाचलंय मी," जयराम म्हणाला. "आठ जणांना माझं नाव सांगा."

त्याने अकराही नंबर लिहून दिले. पगार समितीने मुंबईला दोन बैठका घेतल्या. आठ जणांचं नव्याने मोजून निम्मं केलं. जयरामने स्वतः सांगितलं याची नोंद घेतली, चूक त्याच्याच सहीची याचीही घेतली. राखून ठेवलेले तीन लाख रद्द, मिळालेल्यातले हातात आलेले दोन लाख सात हजार परत. नोकरी राहिली. पुढचे काही महिने आठ जण त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तोही तेवढंच बोलणारा, त्यामुळे फारसा फरक जाणवला नाही.

धनादेश लिहून तो घरी आला तेव्हा देवकी भांडी घासत होती.

"गेले?" तिने विचारलं.

"गेले."

"आता विहीर?"

"पगारातून."

"अर्धी चालंल का मंग?"

"थोडी थोडी करू."

दर महिन्याच्या पगारातले पंधरा हजार त्याने खणणाऱ्यांना दिले. पावसात काम बंद. रविवारी तो स्वतः खाली उतरायचा आणि सुरुंगाने फुटलेला दगड टोपलीत भरून वर पाठवायचा. दोन हजार नऊच्या एप्रिलात छत्तीस फुटांवर पाणी लागलं. त्या उन्हाळ्यात देवकीने दोन वाफे मेथी आणि एक वाफा मिरची लावली.