वापरलेला मिक्सर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं, तर ओल्या खोबऱ्याची चटणी. म्हणजे चटणी तिने वाटली, नारळ मी फोडला. बायकोला जन्माची एक खोड होती. मिक्सर चालू केल्याशिवाय तिला काही बोलायचं सुचायचंच नाही. माझे कान आधीच कारखान्यात पत्रे ठोकून गेलेले. मी ओरडायचो, ‘काय?’ मग ती मिक्सर बंद करून म्हणायची, ‘काही नाही.’

त्या संध्याकाळीही ती त्या घरघराटात काहीतरी बोलली. मी कंटाळून नुसतं ‘हो’ म्हणालो. तिचं समाधान झालेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली ती उठलीच नाही. कशाला हो म्हणालो, ते अजून कळलेलं नाही.

हा मिक्सर नवाच होता. आधीचा आम्ही पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणला होता. इथली, अमेरिकेतली वीज अर्ध्या जोराची. तो लावला की म्हाताऱ्यासारखा हळूहळू फिरायचा, डाळ आख्खीच्या आख्खी. ती म्हणायची, तुमच्यासारखाच झालाय. शेवटी मुलाने इथला मिक्सर घेऊन दिला, दोन मोठ्या भांड्यांचा. महिनाभरही वापरला नसेल तिने.

ती गेल्यावर मला तो ओट्यावर बघवेना. मुलगा म्हणाला, “बाबा, गॅरेजमध्ये ठेवतो.” मी म्हटलं, गॅरेज काय दुसऱ्याच्या घरात आहे? दुकानात परत देऊन टाक. तो म्हणाला, घेणार नाहीत. मी ऐकलं नाही. शनिवारी त्याला गाडी काढायला लावली आणि वेस्ट विंडसरच्या घरून एडिसनला, आपल्या देशी भांड्यांच्या दुकानात गेलो.

गल्ल्यावर दुकानाची मालकीणच होती, नागपूरकडची, माझ्या मुलीच्या वयाची. मी पेटी समोर ठेवली, पावती ठेवली आणि सांगितलं, हा परत घ्या. काही बिघडलाय का, तिने विचारलं. बिघडला असता तर कंपनीकडून दुरुस्त करून देता आला असता म्हणे. मी खोटं कशाला बोलू?

“बिघडलेला नाही. बायको गेली. मला हा घरात नको.”

तिने मागच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या गल्ल्याकडे पाठवलं, मला स्टूल दिलं आणि मग समोर येऊन बोलली.

“काका, काकू गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. पण हा मला परत घेता येणार नाही. पेटी उघडून एकदा त्यात खायचं काही वाटून घेतलं, की तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पावतीवरही तसंच लिहिलंय. हा नियम मी कुणासाठीच मोडत नाही, म्हणून तुम्हालाही खोटी आशा लावत नाही.”

मला राग यायला हवा होता. पण इतकं सरळ बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. घरी सगळे माझ्याशी कुजबुजल्यासारखे बोलत होते.

मग तिने पेटीत हात घालून दुसरं भांडं काढलं. त्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. ती म्हणाली, “हे मात्र बदलून देता येईल, वापरलेलं नाहीये. तुम्ही आता स्वतःपुरतं थोडंच कराल ना? मोठ्या भांड्यात मूठभर जिन्नस टाकला तर पात्याला लागतच नाही, कडेला उडून बसतो. चटणीचं छोटं भांडं घ्या.”

“मला वाटता येतं असं कुणी सांगितलं तुला?”

“न येऊ दे. दाणे भाजता येतात?”

मुलगा मागे हसला. किती दिवसांनी हसला.

छोटं भांडं नीट बसतं का बघायला तिने माझाच मिक्सर तिथल्या प्लगला लावला आणि क्षणभर फिरवला. तो आवाज येताच माझ्या तोंडून निघून गेलं, “काय?”

तिने बटण बंद केलं. “मी कुठे काय बोलले, काका?”

मी पेटी उचलली आणि गाडीत मांडीवर घेऊन बसलो. मुलगा म्हणाला मागे ठेवा. ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे भाजले. थोडे करपले. त्यात तिखट, मीठ, लसणाच्या चार पाकळ्या टाकल्या, सालासकट. छोटं भांडं बसवून बटण फिरवलं. त्या घरघराटात माझं बायकोला जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगून घेतलं, अगदी मोठ्याने. चटणीचं पार पीठ झालं. मग मिक्सर बंद केला. घर एकदम गप्प झालं.

‘काही नाही,’ मी म्हणालो, आणि चटणी बरणीत काढली.