सगळ्यात मागची गाडी

पहाटे सहाला आम्ही सहा जणी मोटरसायकलींवर नागपूरहून पचमढीला निघालो. बेत माझाच होता. मी ताशी साठने चालवते, म्हणून सगळा हिशेब साठचाच लावला होता. दुपारचं जेवण पचमढीत.

सत्तर किलोमीटरवरच्या सौसरला मी सव्वासातच्या आत पोचले. माझी नणंद पावणेआठला आली. ती ताशी चाळीसच्या वर जातच नव्हती. तिनं हेल्मेट काढेपर्यंत दोघी पोह्यांना गेल्या, तिसरी फोनवर. निघालो तेव्हा सव्वाआठ झाले होते. पुढे आणखी दोन थांब्यांवर हेच झालं आणि छिंदवाड्यातच बारा वाजले.

"काहून वं, इतका वेळ?" मी वैतागून विचारलं.

"वहिनी, तुम्ही कितीही पळवा, माही वाट तर पाहाच लागते," ती शांतपणे म्हणाली. "अन् मी पोचेपर्यंत तुम्ही पांगता, मंग तुम्हाले गोळा करण्यात वेळ जाते. मलेच पुढं ठेवा."

मला हसूच आलं. खरंच, माझ्या साठच्या वेगानं मी फक्त वाट बघण्याचा वेळ कमावला होता.

पचमढी रद्द करून आम्ही अलीकडे तामियालाच मुक्काम ठरवला. जेवण झाल्यावर नणंद पुढे निघाली, आम्ही तिच्या मागे. मध्ये एकच थांबा, तोही पंधरा मिनिटांचा, कारण सगळ्या एकदमच पोचलो होतो. ऊन कलायच्या आत आम्ही दरीच्या कडेला चहा पीत बसलो होतो, आणि नणंद बाकीच्यांना घाटातली वळणं कशी घ्यायची ते समजावत होती.